ओढणीची किंमत कशी काढायची?

जयपूरजवळच्या बस्सी-नायला भागात गोटापत्तीचं काम घरोघरी चालतं. समजा, अशाच एका ओढणीसाठी कापड ३५० रुपयांचं, गोटा-दोरा २५० चा आणि कापताना वाया गेलेली पट्टी ३० ची. साहित्य झालं ६३० रुपये. टाके घालायला १४ तास लागले; तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ८४०.

वरखर्चात बहुतेकांचं गणित चुकतं. भाडं, वीज, प्रवास मिळून महिन्याला ३,००० रुपये होत असतील, तर ते सुई हातात असलेल्या तासांवरच वाटायचे. माल आणणं, गिऱ्हाइकाशी बोलणं यांतले तास सोडून १५० उरले, तर तासाला २० रुपये, म्हणजे या ओढणीवर २८०.

एकूण खर्च १,७५०. नफा यापुढे सुरू होतो. मजुरी हा नफा नव्हे, कारागीर स्वतःच मालक असला तरी. विक्रीच्या रकमेत २० टक्के नफा हवा, तर १,७५० ला ०.८ ने भागायचं: साधारण २,१९०.

दुकानदार विक्रीकिमतीवर ३० टक्के घेणार असेल, तर २,१९० मध्ये ३० टक्के मिळवून २,८४७ सांगणं घातक. त्याचा वाटा गेल्यावर हाती उरतात १,९९३; नफा फक्त २४३. इथेही ०.७ ने भागून लेबलवर साधारण ३,१३० लिहावे लागतात. तेवढ्याला गिऱ्हाईक नसेल, तर नक्षी विरळ करून तास घटवावेत. मजुरीचा दर कापणं हा सोपा, पण वाईट उपाय.