कुकी डो: अंड्याबरोबर मैद्याचाही धोका

लोणी, साखर, अंडे आणि मैदा एकत्र मळून कुकीसाठी जो गोळा तयार होतो, त्या कुकी डोचा बराचसा भाग अमेरिकेतल्या अनेक घरांत ओव्हनमध्ये जाण्याआधीच चमच्याने फस्त होतो. असे खाणे आजारी पाडू शकते हे तिथे फार पूर्वीपासून माहीत होते, पण त्याचा दोष अंड्याला दिला जाई. तो संशय खोटा नव्हता. साल्मोनेला हा जिवाणू बाधित कोंबडीच्या अंडाशयातून, कवच तयार होण्याआधीच, अंड्यात शिरू शकतो. त्यामुळे स्वच्छ, न तडकलेले अंडेही आतून दूषित असू शकते आणि वरून धुण्याने काही साधत नाही. मैद्याकडे मात्र कोणी संशयाने पाहत नव्हते.

ही समजूत २००९ साली हलली. त्या वर्षी अमेरिकेतल्या तीस राज्यांत ई. कोलाय ओ१५७:एच७ या घातक जिवाणूचे सत्तरहून अधिक रुग्ण आढळले. या जिवाणूचा नेहमीचा संबंध गोमांसाच्या खिम्याशी, पण रुग्णांच्या मुलाखतींतून पुढे आला तो नेस्लेचा टोल हाउस हा तयार, थंड करून विकला जाणारा कुकी डो. बहुतेकांनी तो कच्चाच खाल्ला होता. कंपनीने माल परत मागवला आणि तपास घटकांकडे वळला. अंडी पाश्चरीकृत होती, म्हणजे जंतू मरतील इतपत तापवलेली. उरलेल्या घटकांपैकी जंतू मारणारी कोणतीही प्रक्रिया न झालेला मोठा घटक होता मैदा. संशय त्याच्यावर गेला, पण पुरावा हाती आला नाही.

तो पुरावा २०१६ साली मिळाला. चोवीस राज्यांतल्या ६३ जणांना ई. कोलायच्या ओ१२१ आणि ओ२६ या प्रकारांची लागण झाली. अनेकांनी घरी मळलेले कच्चे पीठ चाखले होते. काही मुलांनी तर ते खाल्लेही नव्हते. हॉटेलात जेवण येईपर्यंत खेळायला दिलेला कच्च्या पिठाचा गोळा त्यांनी फक्त हाताळला होता. धागा जनरल मिल्सच्या कॅन्सस सिटीतल्या कारखान्यापर्यंत पोहोचला. मैद्याच्या नमुन्यांत जिवाणू सापडला आणि त्याचा जनुकीय आराखडा रुग्णांमधल्या जिवाणूशी जुळला. इथे अंड्याचा प्रश्नच उरला नाही.

मैद्यात हा जंतू येतो कुठून? गहू उघड्या शेतात पिकतो. गुराढोरांचे किंवा वन्य प्राण्यांचे शेण तिथपर्यंत पोहोचू शकते. गिरणीत गहू साफ होतो, ओलवला जातो, दळला आणि चाळला जातो, पण जंतू मरतील इतका तापवला जात नाही. कोरड्या पिठात जिवाणू वाढत नाहीत, मात्र मरतही नाहीत. ते महिनोन्‌महिने तग धरतात. वास, रंग, चव यांत काहीच फरक पडत नसल्यामुळे दूषित पीठ घरी ओळखता येत नाही. शिवाय या प्रकारच्या ई. कोलायचे अगदी थोडे जिवाणूही आजारासाठी पुरतात, त्यामुळे ‘फक्त बोटभर चाखले’ यात सुरक्षितता नाही.

लागण झाल्यावर साधारण तीन-चार दिवसांनी पोटात तीव्र कळा येतात आणि जुलाब होतात. पुढे त्यांतून रक्त पडू लागते. बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. पण काहींच्या, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांच्या, लाल रक्तपेशी फुटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. लघवी कमी होणे आणि चेहरा फिका पडणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा जुलाबांत स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत, कारण काही प्रतिजैविकांनी ही गुंतागुंत वाढण्याची भीती असते.

धोक्याचे प्रमाण मोठे नाही. कुकी डो चाखणारे बहुतेक जण आजारी पडत नाहीत. तरीही अंडे वगळले की गोळा निर्धोक झाला, हा समज चुकीचा आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या एगलेस केक-कुकी करणाऱ्या घरांनाही तितकाच लागू आहे. लहान मुलांच्या हाती खेळायला दिलेल्या कणकेच्या गोळ्यालाही हेच कारण लागू पडते. गोळा तोंडात जाऊ न देणे आणि खेळून झाल्यावर हात साबणाने धुणे आवश्यक ठरते.

कुकी पूर्ण भाजली की जंतू मरतात, कारण ओल्या गोळ्यात उष्णता त्यांच्यावर चांगले काम करते. कोरड्या पिठात तेच जिवाणू उष्णतेला बरेच चिवटपणे तोंड देतात. म्हणूनच मैदा घरी ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवून कच्चा डो करण्याच्या पाककृतींवर अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन भरवसा ठेवू नका असे सांगते. कच्चा खाण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या डोमध्ये कारखान्यात नियंत्रित उष्णता दिलेले पीठ वापरतात, आणि अंडे असेल तर ते पाश्चरीकृत असते. वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो डो भाजण्यासाठीच आहे असे समजावे.