गाडीचं नाव शेवटी, गरज आधी

घरच्या ग्रुपवर गाडीचा विषय निघाला की पहिला फोटो पडतो तो एखाद्या चकचकीत मॉडेलचा. नाव पुढे आलं की बाजू पडतात. एकाला तीच गाडी हवी असते, दुसऱ्याला ती मुळीच नको असते, आणि गाडी नेमकी कशासाठी घ्यायची आहे हे विचारायचं राहून जातं. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये गाडीचं नाव नसावं. त्यात गरज, पैसे आणि निर्णय कसा घ्यायचा, एवढंच असावं.

नाशिकचं एक कल्पित कुटुंब घेऊ. आई-बाबा, दादा आणि वहिनी एकत्र राहतात, धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याचा मेसेज असा असू शकतो:

“आई, बाबा, दादा, वहिनी, गाडीबद्दल ठरवूया. आईचे गुडघे दुखतात, म्हणून सीट फार खाली नको. दादा-वहिनी दोघंही चालवणार. महिन्याला साधारण ८०० किलोमीटर होतील. मी सुरुवातीचे ३ लाख ३५ हजार देतो, हप्ता दादा भरणार. दादा, सगळं धरून महिन्याला किती झेपेल तो आकडा तू सांग, त्याच्या वर आपण जायचं नाही. आणखी काही गरज असेल तर रविवारपर्यंत लिहा. तोवर कुणी गाडीचं नाव घेऊ नका.”

दादाचा आकडा काढायचा तर शोरूमच्या किमतीवर थांबून चालत नाही. समजा पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ८ लाख आहे. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे ८८ हजार. विमा, नोंदणी आणि किरकोळ खर्च मिळून ४७ हजार धरले, तर ऑन-रोड किंमत ९ लाख ३५ हजार होते. धाकट्याचे पैसे वजा जाता ६ लाखांचं कर्ज उरतं. ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे १२,४५० रुपये बसतो. पेट्रोलचे ५,२००, पुढच्या वर्षांच्या विम्यासाठी २,००० आणि सर्व्हिसिंग-टायरसाठी दीड हजार बाजूला काढले, तर महिन्याचा खर्च २१ हजारांच्या घरात जातो. दादाने ठरवायचं ते या आकड्यावर.

इथे एक मोह होतो. हप्ता जड वाटला की मुदत ७ वर्षांची करावीशी वाटते. हप्ता साडेनऊ हजारांच्या आसपास येतो खरा, पण एकूण व्याज जवळपास १ लाख ४७ हजारांवरून २ लाख ११ हजारांवर जातं. त्यापेक्षा खालचं व्हेरिएंट घेतलेलं बरं.

सीएनजीचा वादही गरजेवरच सुटतो. समजा सीएनजी गाडी ९० हजारांनी महाग आहे आणि ८०० किलोमीटरला इंधनाचे महिन्याला सव्वादोन हजार वाचतात. जादा पैसे ४० महिन्यांत वसूल होतात. मात्र वापर ३०० किलोमीटरच असेल, तर त्याला जवळपास ९ वर्षं लागतील. शिवाय बऱ्याच गाड्यांत सिलिंडर डिकीतली बरीच जागा खातो. आईचा वॉकर ठेवायचा असेल तर हे आधी पाहावं.

गरजेत आणि पैशांत बसणाऱ्या गाड्या तीनच निवडाव्यात. टेस्ट ड्राइव्हला आईलाही न्यावं, आणि तिला मागच्या सीटवर आधार न घेता दोनदा चढ-उतार करायला सांगावं. जमलं नाही तर ती गाडी बाद करून दुसरी बघावी.

मग मतं घ्यायची. खर्चाची मर्यादा हप्ता भरणारा ठरवतो, निवड मात्र रोज गाडीत बसणारे करतात. म्हणून पुण्याचा भाऊ मत देत नाही, मतं गोळा करतो. चौघांनी पहिली, दुसरी, तिसरी पसंती ग्रुपवर न टाकता त्याला एकट्याला कळवायची. ग्रुपवर बाबांचं मत आधी आलं, तर वहिनी वेगळं काही लिहिणार नाही.

समजा आई-बाबांची पहिली पसंती ‘अ’, दादा-वहिनींची ‘ब’. नुसत्या मतांत दोन-दोन अशी बरोबरी. पण पसंतीच्या क्रमांकांची बेरीज केली की चित्र बदलतं. आई-बाबांना ‘ब’ दुसऱ्या क्रमांकावर चालते, तर ‘अ’ला वहिनीने दुसरा आणि दादाने तिसरा क्रमांक दिला आहे. ‘अ’ची बेरीज ७ आणि ‘ब’ची ६. बेरीज कमी तिची निवड, म्हणून ‘ब’ घ्यायची. बेरीजही सारखी आली तर आईला जिच्यात बसणं सोपं ती, हा नियम मतं मागण्याआधीच लिहून ठेवावा.

निकाल ग्रुपवर टाकताना चौघांचे क्रमांकही टाकावेत, म्हणजे बेरीज कुणालाही पडताळता येते. बुकिंगची रक्कम त्यानंतरच भरा, आणि तीही डीलरकडून ऑन-रोड किमतीचा तपशील लेखी घेतल्यावर.