गाडीचं अपडेट : ‘सुरू करा’ दाबण्याआधी

शाळेच्या पार्किंगमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "सर, गाडीच्या स्क्रीनवर अपडेट आलंय म्हणून दाखवतंय, करू का?" मोबाईलचं अपडेट आपण चार्जरला लावून झोपी जातो, तसंच हेही असेल असं वाटणं साहजिक आहे. पण गाडीचं प्रकरण थोडं वेगळं आहे. ते आत नेमकं काय चालतं हे कळलं, की आधी काय तपासायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आजच्या गाडीत एक संगणक नसतो, डझनावारी असतात. ब्रेकसाठी वेगळा, स्टिअरिंगसाठी वेगळा, दारं-काचांसाठी वेगळा, स्क्रीनसाठी वेगळा. या छोट्या संगणकांना ईसीयू म्हणतात. प्रत्येकाच्या आत त्याचं सॉफ्टवेअर साठवलेलं असतं. पूर्वी ते बदलायचं तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागे आणि मेकॅनिक तिथे केबल जोडून ते बदलत असे. आता गाडीतच सिमकार्ड असतं आणि तेच काम कंपनी दुरून करते. यालाच ‘ओव्हर द एअर’ किंवा थोडक्यात ‘ओटीए’ अपडेट म्हणतात.

हे फक्त नकाशे आणि गाण्यांपुरतं असतं असं समजू नका. मे 2018 मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेला टेस्लाच्या मॉडेल 3 चे ब्रेक कमी वाटले. ताशी 60 मैलांवरून थांबायला गाडी 152 फूट घेत होती. कंपनीने दुरूनच अपडेट पाठवलं आणि पुन्हा घेतलेल्या चाचणीत हेच अंतर 133 फूट भरलं. कुणी पाना हातात न घेता 19 फूट वाचले! म्हणजे अपडेट टाळत राहणं हाही काही शहाणपणा नव्हे.

आता हे काम कसं होतं ते बघू. त्याचे दोन स्पष्ट भाग आहेत. पहिला भाग डाउनलोड. गाडी चालू असताना, तुमच्या नकळत, फाइल थोडी थोडी उतरत राहते. मध्येच नेटवर्क गेलं तरी बिघडत नाही, पुढे पुन्हा सुरू होतं. फाइल पूर्ण आली की गाडी तिच्यावरची कंपनीची डिजिटल सही तपासते. सही जुळली नाही तर फाइल बाद. हा भाग निरुपद्रवी आहे.

दुसरा भाग म्हणजे इन्स्टॉल, आणि खरी काळजी इथेच घ्यायची. वर्गातल्या फळ्याचं उदाहरण घ्या. नवीन धडा लिहायचा तर आधीचा पुसावा लागतो. पुसल्यापासून नवीन लिहून होईपर्यंत फळा कोरा किंवा अर्धवट असतो, आणि तेवढ्या वेळात त्यावरून कुणी काही वाचू शकत नाही. बऱ्याच छोट्या ईसीयूंचं असंच असतं. जुनं पुसलं जातं, नवं तुकड्यातुकड्याने लिहिलं जातं, शेवटी सगळं बरोबर उतरलं का याचा ताळा घेतला जातो. तोवर तो ईसीयू आपलं नेहमीचं काम करत नाही. ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा ईसीयू या अवस्थेत असताना गाडी हलवणं शक्यच नाही, म्हणून ती पार्किंगमध्ये उभी असल्याशिवाय अपडेट सुरूच होत नाही.

काही मोठ्या संगणकांना दोन फळे दिलेले असतात. एकावर काम चालू असताना दुसऱ्यावर नवीन लिहायचं, आणि ते बिनचूक असेल तरच पुढच्या वेळी त्यावर जायचं. नाही जमलं तर जुना फळा जागेवर आहेच. ही पद्धत फार सुरक्षित, पण प्रत्येक ईसीयूला दुप्पट मेमरी देणं महाग पडतं.

गाडी हलवता येत नाही म्हणजे काय, हे बीजिंगच्या एका घटनेतून चांगलं कळतं. जानेवारी 2019 च्या अखेरीस तिथल्या चांगआन या मुख्य रस्त्यावर, वाहतुकीच्या कोंडीत, निओ कंपनीची ईएस8 ही इलेक्ट्रिक गाडी तासाभराहून अधिक वेळ अडकून पडली. गाडी थांबलेलीच आहे म्हणून आतल्या माणसांनी अपडेट सुरू केलं होतं. स्क्रीन काळी झाली, काचाही खाली होईनात. पोलीस आले, पण त्यांनाही काही करता आलं नाही. लक्षात घ्या, गाडी बिघडली नव्हती. ती जे करायला सांगितलं होतं तेच करत होती. जागा चुकली होती.

म्हणून पहिली तपासणी जागेची. पुढचे दोन तास गाडी कुणाच्या आड येणार नाही ना? सोसायटीत एकामागे एक गाड्या लागत असतील तर तिथे नको. फाटकासमोर किंवा उतारावर नको. आणि गाडीत कुणी बसलेलं नको, मुलं आणि आजी-आजोबा तर नाहीतच. काचा आधीच बंद करून, किल्ली स्वतःजवळ ठेवून बाहेर या. स्क्रीनवर ‘40 मिनिटे’ लिहिलं असेल तर मनात दुप्पट धरा. सकाळी परीक्षेच्या ड्युटीला निघण्याआधी हा उद्योग करू नये, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको!

दुसरी तपासणी बॅटरीची, आणि इथे इलेक्ट्रिक गाडीवाले हमखास गोंधळतात. "माझी बॅटरी 80 टक्के आहे की!" असेल, पण ती चाकं फिरवणारी मोठी बॅटरी. ईसीयू चालतात ते 12 व्होल्टच्या लहान बॅटरीवर, आणि ती इलेक्ट्रिक गाडीतही असते. अपडेटच्या वेळी मोठी बॅटरी बऱ्याचदा वेगळी केली जाते, कारण तिचा स्वतःचा ईसीयूही लिहिला जात असू शकतो. पेट्रोल गाडीत इंजिन बंद असल्याने अल्टरनेटरही थांबलेला असतो. म्हणजे दोन्हीकडे सगळा भार त्या लहान बॅटरीवर.

एक सोपं गणित करू. बॅटरी 45 अँपिअर-तासांची आहे, पण जुनी आणि अर्धवट भरलेली, म्हणून हाती 20 उरलेत असं धरा. अपडेटला 15 अँपिअर लागतात आणि ते 40 मिनिटं, म्हणजे दोन तृतीयांश तास चालतं असंही धरा. 15 गुणिले दोन तृतीयांश म्हणजे 10 अँपिअर-तास खर्च. निम्मी शिल्लक संपली. त्यात दिवे किंवा एसी चालू राहिला तर व्होल्टेज आणखी उतरतं आणि फळा अर्धवट लिहिलेला असताना खडू संपतो.

उभ्या गाडीत, सगळं बंद करून काही तासांनी मोजल्यावर शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज 12.6 च्या आसपास असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. मल्टिमीटर नसेल तर सकाळी स्टार्टर रेंगाळतो का ते ऐका. गाडी चार-पाच दिवस उभी असेल तर आधी तासभर चालवून आणा. दिवे बंद करा, डॅशकॅम आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलेलं एखादं उपकरण काढून ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत चार्जिंगची केबल लावायची की काढायची, हे मात्र कंपनीगणिक बदलतं. ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

सही तपासली जाते म्हणून कंपनीची चूक होणारच नाही, असंही नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन कंपनीकडून चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची आवृत्ती काही गाड्यांना गेली आणि त्यांचे स्क्रीन बंद पडले. गाड्या चालत होत्या, पण स्क्रीन नाही. कंपनीने वाटप लगेच थांबवलं. त्यामुळे तातडीची सुरक्षा-दुरुस्ती नसेल तर आठवडाभर थांबायला माझी हरकत नसते.

सुरू करण्याआधी सेटिंगमधल्या आवृत्ती-क्रमांकाचा एक फोटो काढून ठेवा. संपल्यावर क्रमांक बदलला का आणि डॅशबोर्डवर नवीन दिवा लागला का ते पाहा. ‘अपडेट अयशस्वी’ असा संदेश आला आणि गाडी नेहमीसारखी सुरू होत असेल तर बहुधा जुनी आवृत्ती शाबूत आहे. बॅटरी चार्ज करून पुन्हा प्रयत्न करता येईल. पण अपडेट चालू असताना स्क्रीन काळी दिसली म्हणून बॅटरीची वायर काढू नका. दिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ उलटूनही गाडी जागी होत नसेल, तर तो फोटो हाताशी ठेवून कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा.