कापले गेले, पोहोचले नाहीत

नाणं एका फोनमधून दुसऱ्यात उडी मारतं, हे यूपीआयचं चित्र देखणं खरं. पण ‘पैसे कापले, पोहोचले नाहीत’ हे कोडं त्यातून सुटत नाही.

त्यापेक्षा पडद्यावर दोन बँकांच्या दोन वह्या आणि मधे चिठ्ठी नेणारा एनपीसीआयचा निरोप्या दाखवावा. पहिल्या वहीत ५०० वजा होतात, निरोप्या वाटेत अडतो, दुसरी वही कोरीच राहते.

‘५०० वजा’ ही अक्षरं आकडा बदलतो त्याच क्षणी उमटावीत. आधी उमटली, तर नजर आकड्याकडे जातच नाही. ती तीनेक सेकंद, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने ७५ फ्रेम टिकावीत आणि तेवढा वेळ बाकी हालचाल थांबावी.

मग रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम: व्यक्तीला पाठवलेली अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. इथे पहिल्या वहीत ५०० पुन्हा जमा होताना दिसतात.