मीटिंग ठरवण्यासाठी मीटिंग

कंपनीच्या वार्षिक संमेलनातलं प्रहसन आठ-दहा मिनिटांचं असतं, त्यामुळे त्यात एकच गोष्ट धरावी. उदाहरणार्थ, डेडलाइन. ग्राहक म्हणतो, ‘काम ३० तारखेला द्या.’ संचालक खाली सांगतात २५, मॅनेजर २०, टीम लीड १५. प्रत्येक पायरीवर तारीख अलीकडे सरकते आणि आवाज चढतो. शेवटी नवा पोरगा विचारतो, ‘सर, आज १६ आहे ना?’

या प्रश्नानंतर नटांनी थांबायचं. हशा ओसरण्याआधी पुढचं वाक्य आलं, तर तेही वाया जातं.

मग अर्थातच तातडीची मीटिंग! काम कोणी करायचं हे सोडून सगळं ठरतं. राजकारणासाठी एक पात्र पुरे: प्रत्येकाच्या कल्पनेला ‘मी हेच म्हणत होतो’ म्हणणारं.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये सत्तेची टिंगल राजा-प्रधानाच्या आडून होते. इथेही तेच करावं: साहेबांना राजा करावं, पण त्यांची खरी लकब उचलू नये. चिमटा खुर्चीला बसावा. तालमीला दुसऱ्या विभागातला एक जण बसवावा. तो जिथे हसत नाही, तो विनोद बहुधा आपल्याच टेबलापुरता असतो.