सहरीचं दही थंडीत का लागत नाही?

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत थंडीत शिरतोय. उन्हाळ्यात तरावीहनंतर लावलेलं दही सहरीला घट्ट मिळायचं. आता अर्धापुरातल्या पहाटगारव्यात भांड्यात दूधच दिसतं. मग विरजण वाढवलं जातं. त्यानं दही फक्त आंबट होतं, कारण उणीव उबेची असते. विरजणातले जिवाणू 40 अंशांच्या आसपास जोमानं वाढतात, गार दुधात सुस्तावतात.

अर्धा लिटर दूध उकळून, बोट सहज ठेवता येईल इतकं कोमट होऊ द्या. फ्रीजमधलं विरजण आधीच बाहेर काढून त्यातलं चमचाभर मिसळा. फार गरम दुधात विरजण मरतं. डबा गार ओट्यावर ठेवू नका. कुकरमध्ये दुधाच्या उंचीइतकं कोमट पाणी घालून त्यात ठेवा, झाकून वर रजई गुंडाळा. रजई ऊब देत नाही, राखते. राखायला ऊब असते ती पाण्यात. आणि हे तरावीहनंतर नको, इफ्तारच्या गडबडीआधीच उरका.

तरीही पातळ राहिलं आणि वास ताजाच असेल, तर पाणी बदलून दोन-तीन तास ठेवा. घाण वास आला, तर मात्र टाकून द्या. सहरीला हुकलेलं दही इफ्तारच्या दहीवड्यांना चालतंच.