तीन मिनिटं आणि रिक्षाची लाइन!

रात्री 9 वाजता डोंबिवलीला उतरायचं, धक्के खात ब्रिज चढायचा आणि खाली येऊन बघायचं तर शेअर रिक्षाची भलीमोठी लाइन! समजा, याच वैतागावर तुमच्या टीमने हॅकेथॉनमध्ये रात्रभर जागून अ‍ॅप बनवलंय. आता परीक्षकांसमोर हातात आहेत फक्त 180 सेकंद. ते वाटायचे कसे?

पहिले 40 सेकंद प्रॉब्लेमला द्या. ‘शहरी वाहतूक ही गंभीर समस्या आहे’ अशी सुरुवात केलीत, तर मिनिट तिथेच संपेल. त्यापेक्षा सरळ सांगा : ‘दोन स्टँडपैकी कुठली लाइन छोटी आहे, हे ब्रिजवर उभं असताना कळत नाही.’ एक माणूस, एक जागा, एक अडचण. सचिन टेके यांनी 2010 मध्ये आणलेलं ‘एम-इंडिकेटर’ आठवा. लोकलचं टाइमटेबल इंटरनेट नसतानाही मोबाइलवर दिसावं, एवढी साधी गरज त्याने भागवली होती.

पुढचे 90 सेकंद डेमोचे. लॉगिन, रजिस्ट्रेशन दाखवत बसू नका. दोन फोन घ्या. एकावर ‘लाइनीत उभा राहिलो’ आणि ‘रिक्षा मिळाली’ ही दोनच बटणं. शेवटच्या पाच जणांना 12, 14, 11, 15 आणि 13 मिनिटं लागली, म्हणून दुसऱ्या फोनवर सरासरी दिसते : 13 मिनिटं. पहिल्या फोनवर ‘रिक्षा मिळाली’ दाबा आणि दुसऱ्यावरचा आकडा बदलू द्या. परीक्षकांच्या लक्षात राहील तो हा क्षण. आकडे तुम्ही आधीच भरून ठेवले असतील, तर तसं आपणहून सांगा. नंतर पकडले गेलात तर खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो. आणि हो, हॉलचं वाय-फाय ऐनवेळी दगा देतं! म्हणून डेमोचा व्हिडिओ आधीच रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवा. स्क्रीन 10 सेकंद अडकली, की माफी मागत न बसता व्हिडिओ लावा.

मग 40 सेकंद ‘पुढे काय?’ यासाठी. इथे बहुतेक टीम्स थेट अख्ख्या महाराष्ट्रावर उडी मारतात. परीक्षकांच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न असतो : रिक्षा मिळाल्यावर बटण दाबायला कोण थांबणार? तोच तुमचा कच्चा दुवा, त्यामुळे उत्तरही तिथलंच हवं. ‘एका स्टँडवर आठवडाभर घड्याळ घेऊन उभे राहू, अ‍ॅपचा अंदाज किती चुकतो ते मोजू. 20 मिनिटांत कुणीच बटण दाबलं नाही, तर आकडा न दाखवता “माहिती जुनी आहे” असं दाखवू.’ कल्याण आणि ठाण्याचं नाव त्यानंतर घ्या.

उरले 10 सेकंद. ते रिकामेच ठेवा. स्टेजवर चढून केबल जोडेपर्यंत जातातच. आदल्या रात्री मोबाइलवर टायमर लावा आणि मोठ्याने बोलून बघा. वेळ कमी पडतोय? मग भराभर बोलू नका, एक वाक्य उडवा!